वाशीम जिल्ह्यातील वऱ्हाडी बोलीतील ‘ळ’चा उच्चार : सामाजिक-भाषिक चल आणि आभासी काल पद्धती

प्रस्तावना :

वाशीम जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात पोळ्याच्या दिवशी गेले असता एकाच घरात या सणाची दोन नावे कानी पडतात. आजोबा ‘पोया’ म्हणतात आणि शाळेत जाणारा नातू ‘पोळा’ म्हणतो. आजोबांच्या तोंडी डोळ्याचा ‘डोया’, काळ्याचा ‘काया’, जवळचे ‘जवय’ आणि केळ्याचे ‘केयं’ होते. नातवाच्या तोंडी हेच शब्द पुष्कळदा प्रमाण मराठीप्रमाणे येतात. यावरून ‘वऱ्हाडीतील य आता जात चालला आहे’ असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो खराही असेल. परंतु एवढ्या निरीक्षणावरून तो सिद्ध होत नाही. आजोबा लहानपणी शाळेत असताना कदाचित ‘पोळा’च म्हणत असतील, आणि नातू पुढे शेती करू लागल्यावर ‘पोया’ म्हणू लागेल. वयाबरोबर माणसाची भाषा बदलत असेल तर दोन पिढ्यांतील फरक हा भाषेतील बदल ठरत नाही.

बोलणाऱ्यांच्या वयातील फरकावरून भाषेचा इतिहास कसा वाचावा आणि तो वाचताना कोठे फसगत होते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. या वाचनाला भाषाविज्ञानात आभासी काल पद्धती म्हणतात. वाशीम परिसरातील ‘ळ’ व ‘य’ यांचा संबंध हे उदाहरण समोर ठेवून या पद्धतीच्या पायऱ्या, तिची गृहीतके आणि तिच्या मर्यादा येथे तपासल्या आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) ‘ळ’चा उच्चार हा सामाजिक-भाषिक चल म्हणून कसा निश्चित करावा, हे स्पष्ट करणे.
२) आभासी काल पद्धतीचा उगम व तिचे मूळ गृहीतक समजून घेणे.
३) वाशीम जिल्ह्यात ही पद्धती लावताना येणाऱ्या अडचणींचा आणि त्या ओळखण्याच्या उपायांचा विचार करणे.
४) एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील लिखित नोंदींचा या संदर्भातील उपयोग तपासणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. मात्र वाशीम हे जिल्ह्याचे ठिकाण असण्याची ही पहिली वेळ नव्हे. इंग्रजी अमलात ‘बासीम’ या नावाने स्वतंत्र जिल्हा होता आणि तो १९०५ मध्ये मोडण्यात आला. ही तारीख भाषेच्या अभ्यासकाला महत्त्वाची आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड, जो स्टेन कोनो यांनी सिद्ध केला, तो १९०५ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यासाठीची सामग्री जमवली गेली तेव्हा बासीम हा स्वतंत्र जिल्हा होता. वऱ्हाडी बोलीविषयी हाती असलेल्या जुन्या पद्धतशीर नोंदींपैकी ही एक प्रमुख नोंद होय, आणि ‘ळ’च्या जागी अन्य ध्वनी येण्याची वऱ्हाड-नागपूर पट्ट्यातील प्रवृत्ती तिने टिपली आहे. म्हणजे ‘ळ’चे हे रूपांतर कालपरवाचे नाही.

जिल्ह्याचे भौगोलिक स्थानही लक्षात घ्यावे लागते. वाशीमच्या दक्षिणेस हिंगोली लागते. १९५६ पर्यंत हा मराठवाड्याचा भाग हैदराबाद राज्यात होता, तर वाशीम मध्य प्रांत व वऱ्हाडात आणि नंतरच्या मध्य प्रदेशात होते. राज्यसीमा वेगळी असली तरी सोयरीक, बाजार आणि मजुरी ही त्या सीमेपलीकडे चालतच होती. त्यामुळे रिसोडकडील गाव आणि कारंजाकडील गाव यांची बोली एकच आहे असे धरून चालता येत नाही. त्यातच मानोरा तालुक्यात बंजारा समाजाची मोठी वस्ती असून पोहरादेवी हे त्या समाजाचे श्रद्धास्थान आहे. ज्यांची घरची भाषा गोरमाटी आहे त्यांच्या मराठीतील ‘ळ’चा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. वयाचा परिणाम पाहायचा असेल तर स्थळ आणि घरभाषा स्थिर ठेवणे, ही येथील पहिली अट ठरते.

सामाजिक-भाषिक चल म्हणजे काय? :

एकच गोष्ट अर्थ न बदलता दोन किंवा अधिक प्रकारे सांगता येते आणि त्यांपैकी कोणता प्रकार येईल हे बोलणाऱ्याचे वय, शिक्षण, व्यवसाय, लिंग किंवा प्रसंग यांच्याशी निगडित असते, तेव्हा त्या भाषिक घटकाला सामाजिक-भाषिक चल म्हणतात. त्या निरनिराळ्या प्रकारांना त्या चलाची रूपे म्हणता येईल. ‘डोळा’ आणि ‘डोया’ यांत अर्थाचा फरक नाही; म्हणून (ळ) हा चल आहे आणि [ळ] व [य] ही त्याची प्रमुख रूपे आहेत. क्वचित [ल] किंवा [र] आढळल्यास त्यांचीही नोंद स्वतंत्रपणे घ्यावी.

चल ठरवणे येथे संपत नाही. हा ध्वनी कोठे येऊ शकतो आणि कोठे नाही, याची मर्यादा आधी आखावी लागते. मराठीत ‘ळ’ शब्दारंभी येत नाही. म्हणून मोजणी शब्दाच्या मध्यातील आणि अंतीच्या स्थानांपुरतीच राहते. ‘पाय’, ‘गाय’, ‘माय’ या शब्दांतील ‘य’ मूळचाच आहे. तो मोजणीत येत नाही. मात्र हे शब्द दुसऱ्या कामी येतात, त्याचा उल्लेख पुढे येईल.

काही स्थाने संदिग्ध असतात. ‘ळ’नंतर ‘ई’ आल्यास वऱ्हाडीत ‘य’ त्या स्वरात विरून जातो. दिवाळीची ‘दिवाई’ होते, होळीची ‘होई’, पोळीची ‘पोई’. येथे कानाला ‘य’ ऐकू येत नाही, पण ‘ळ’ही नसतो. अशी उदाहरणे ‘य’च्या बाजूस धरावीत, पण त्यांवर वेगळी खूण करावी. दुसरे संदिग्ध स्थान ‘पोळ्या’, ‘गोळ्या’ अशा रूपांचे आहे. त्यांत ‘ळ’नंतर मूळचाच ‘य’ असल्याने ‘पोया’ असे ऐकू आल्यावर ‘ळ’चा ‘य’ झाला की ‘ळ’ केवळ गळला, हे सांगता येत नाही. ही उदाहरणे मुख्य मोजणीतून वगळणेच श्रेयस्कर. असे न केल्यास एखाद्या व्यक्तीने घरच्या पोळ्यांविषयी अधिक बोलल्यामुळेच तिचे ‘य’चे प्रमाण वाढलेले दिसेल.

चलाचा हिशेब प्रमाणात ठेवला जातो. जेथे जेथे ‘ळ’ किंवा ‘य’ येऊ शकत होता त्या सर्व जागा मोजायच्या आणि त्यांपैकी किती ठिकाणी ‘य’ आला ते काढायचे. केवळ समजण्यापुरते उदाहरण घेऊ. समजा, एका तासाच्या ध्वनिमुद्रणात अशा ६० जागा आल्या आणि ४२ ठिकाणी ‘य’ ऐकू आला, तर त्या व्यक्तीचे प्रमाण शेकडा ७० झाले. परंतु त्या ६० जागांपैकी २५ जागा एकट्या ‘जवय’ या शब्दाच्या असतील, तर हे प्रमाण बोलीचे नसून एका शब्दाचे ठरेल. म्हणून एका व्यक्तीकडून एका शब्दाची चार-पाचच उदाहरणे घ्यावीत. तसेच घरगुती व शेतीचे शब्द आणि ‘मंडळ’, ‘शाळा’ यांसारखे शाळा-कचेरीतून रुजलेले किंवा तेथे सतत ऐकू येणारे शब्द वेगवेगळे मोजावेत. एखादी व्यक्ती ‘डोया’ म्हणेल आणि त्याच वाक्यात ‘महामंडळ’ म्हणेल. या दोन्हींची सरसकट सरासरी काढल्यास दोन्ही गोष्टी झाकल्या जातात.

आभासी काल पद्धतीचा उगम :

ध्वनिबदल इतक्या सावकाश होतो की तो घडताना दिसत नाही, त्याचे परिणाम तेवढे दिसतात, अशी धारणा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत प्रबळ होती. तिला तडा देणारा एक जुना अभ्यास स्वित्झर्लंडमधील शार्मे या खेड्याचा आहे. लुई गोशा यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात एकाच गावातील तीन पिढ्यांच्या बोलण्याची तुलना केली. त्यांना आढळलेल्या फरकांपैकी एक वाशीमच्या वाचकाला विशेष जवळचा वाटेल. तेथे वृद्ध लोक तालव्य ‘ल’ उच्चारत, मधली पिढी दोन्ही उच्चार करी आणि तरुण त्याच्या जागी ‘य’ उच्चारत. ध्वनी आपला ‘ळ’ नव्हे, परंतु ‘ल’वर्गीय ध्वनी सुटून ‘य’ येणे ही दिशा तीच आहे.

पुढे हर्मान यांनी १९२९ मध्ये त्याच गावी जाऊन पुन्हा पाहणी केली. गोशांनी टिपलेले बहुतेक बदल त्यांच्या अंदाजाप्रमाणेच पुढे सरकले होते. मात्र एका ध्वनीच्या बाबतीत पिढ्यांमधील फरक होता तसाच राहिला. बदल पुढे गेला नाही. या दुसऱ्या भेटीतून दोन गोष्टी एकदम कळल्या. वयातील फरक हा बहुधा बदलाचा खरा ठसा असतो. पण तो नेहमीच तसा असतो असे नाही.

या कल्पनेला आजचे स्वरूप अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लाबोव्ह यांनी दिले. मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरील त्यांचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील ६९ मूळ रहिवाशांच्या मुलाखतींतून त्यांनी दोन संयुक्त स्वरांचा उच्चार तपासला. या स्वरांचा आरंभ तोंडाच्या मध्याकडे किती सरकला आहे याला शून्य ते तीन असे गुण देऊन, त्यांची सरासरी काढून ती शंभरपट केली. पहिल्या स्वरासाठी वयोगटांनुसार आलेले निर्देशांक असे होते : ७५ वर्षांवरील २५, ६१ ते ७५ वयाचे ३५, ४६ ते ६० वयाचे ६२, ३१ ते ४५ वयाचे ८१ आणि १४ ते ३० वयाचे ३७.

पहिले चार आकडे पाहिले की वय कमी होत जाते तसा उच्चार वाढत जाताना दिसतो. यामागील गृहीतक असे : माणसाची उच्चारपद्धती साधारणतः किशोरवयाच्या अखेरीस स्थिर होते आणि नंतर फारशी बदलत नाही. हे मान्य केले तर आजचा वृद्ध हा साठ वर्षांपूर्वीच्या तरुणाच्या बोलण्याचा साक्षीदार ठरतो. काळातून मागे न जाता, एकाच वेळी निरनिराळ्या वयांच्या लोकांना ऐकून मागचा काळ पाहता येतो. म्हणूनच या काळाला ‘आभासी’ म्हणावयाचे.

परंतु पाचवा आकडा मांडणी मोडतो. सर्वांत तरुण गटात निर्देशांक ८१ वरून ३७ वर येतो. लाबोव्ह यांनी याचे कारण लोकांच्या बेटाविषयीच्या भावनेत शोधले. बेटाबद्दल आपुलकी असणाऱ्यांचा पहिल्या स्वराचा निर्देशांक ६३, तटस्थांचा ३२ आणि बेट सोडू पाहणाऱ्यांचा अवघा ९ होता. पर्यटकांच्या वाढत्या प्रभावापुढे आपले वेगळेपण जपणारे, विशेषतः मासेमारी करणारे लोक हा उच्चार अधिक करीत होते. तरुणांपैकी अनेकांनी राहावे की जावे हे अजून ठरवले नव्हते. वय हा आकडा एकटा बोलत नाही. त्या वयात माणूस आयुष्याच्या कोणत्या वळणावर आहे, हेही त्यात मिसळलेले असते. शिवाय लाबोव्ह यांनी केवळ वयोगटांवर विसंबून निष्कर्ष काढला नाही. १९३३ मध्ये न्यू इंग्लंडच्या बोलीनकाशासाठी याच बेटावरील चार वृद्धांची झालेली नोंद त्यांनी पडताळ्यासाठी वापरली. आभासी काळाला वास्तविक काळाचा एक तरी टेकू हवा, हा या पद्धतीचा अलिखित दंडक तेव्हापासूनचा आहे.

वाशीममध्ये पद्धतीचा अवलंब :

वाशीम जिल्ह्यातील एका गावात २०२५ मध्ये ध्वनिमुद्रण केले असे धरू. ७५ वर्षांची व्यक्ती १९५० ची, ४५ वर्षांची १९८० ची आणि २० वर्षांची २००५ ची जन्मलेली असेल. उच्चारपद्धती सोळा-सतराव्या वर्षी स्थिर झाली असे मानल्यास पहिली व्यक्ती १९६६-६७ च्या सुमाराची बोली सांगते. म्हणजे या पद्धतीची खिडकी जेमतेम साठ वर्षे मागे उघडते. १९०५ चा सर्वेक्षण-खंड आणि १९६६ यांमध्ये सहा दशकांची पोकळी राहते. अ. म. घाटगे यांची १९६३ पासून प्रसिद्ध झालेली मराठी बोलींची सर्वेक्षणमाला ही पोकळी वऱ्हाडपुरती भरून काढत नाही, कारण तिचा भर प्रामुख्याने कोकण, गोवा आणि दक्षिणेकडील बोलींवर होता.

वयोगट ठरवल्यानंतर प्रश्न येतो तो कोणाला ऐकावे हा. येथेच सर्वांत मोठी चूक होण्याचा संभव असतो. महाविद्यालयातील विद्यार्थी सामग्री जमवताना तरुण म्हणून आपले वर्गमित्र निवडतो आणि वृद्ध म्हणून गावातील न शिकलेले आजी-आजोबा निवडतो. मग तरुणांत ‘ळ’ आणि वृद्धांत ‘य’ असा सुबक आलेख तयार होतो. परंतु हा आलेख वयाचा आहे की शिक्षणाचा, हे सांगता येत नाही, कारण दोन्ही एकत्रच बदलले आहेत. यावर उपाय साधा आहे. शाळा लवकर सोडून शेतावर राबणारे तरुण आणि निवृत्त शिक्षक असलेले वृद्ध यांचा समावेश आवर्जून करावा. शेतकरी तरुण आणि शेतकरी वृद्ध यांचे ‘य’चे प्रमाण सारखे निघाले, तर पिढीबदल नसून शिक्षणाचा फरक आहे असे समजावे. शेतकरी तरुणांतही ‘य’ स्पष्टपणे घटलेला दिसला, तर बदलाचा दावा बळकट होतो. स्त्री-पुरुषांची संख्याही समान ठेवावी. सासर दुसऱ्या तालुक्यातील असेल तर स्त्रीच्या बोलीत माहेरचे गाव मिसळलेले असते. म्हणून जन्मगाव व विवाहानंतरचे गाव दोन्ही नोंदवावीत.

दुसरी अडचण ऐकणाऱ्याच्या उपस्थितीची. पाहुणा समोर बसून यंत्र सुरू करतो तेव्हा बोलणारा सावध होतो, आणि सावध झाला की ‘शुद्ध’ बोलतो. आपल्याला तर हवे असते ते लक्ष नसतानाचे बोलणे. म्हणून मुलाखत घरी, ओळखीच्या माणसासमवेत आणि शक्यतो वऱ्हाडी बोलणाऱ्यानेच घ्यावी. प्रश्नकर्ता प्रमाण मराठीत विचारू लागला की उत्तरातील ‘ळ’ वाढतो. विषय असे निवडावेत की त्यांत ‘ळ’च्या जागा आपोआप येतील : पोळा, बैलांची सजावट, काळी जमीन, डोळ्यांचे आजार, लहानपणचे खेळ, दुष्काळाची आठवण. मात्र विषयासाठी बाहेरचा शब्द लादू नये. पश्चिम महाराष्ट्रात पिकात आंतरमशागतीला ‘कोळपणी’ म्हणतात. वऱ्हाडात त्याला ‘डवरणी’ म्हणतात. ‘कोळपणी कशी करता?’ असे विचारल्यास मिळणारा ‘ळ’ हा वऱ्हाडीचा नव्हे, तर प्रश्नकर्त्याचा प्रतिध्वनी असतो.

गप्पांनंतर शेवटी शब्दांची यादी वाचून घ्यावी किंवा चित्रे दाखवून नावे विचारावीत. एकाच व्यक्तीच्या गप्पांतील आणि यादीतील उच्चारांत जो फरक पडतो त्याला फार मोल आहे. गप्पांत ‘डोया’ आणि यादीत ‘डोळा’ म्हणणारी व्यक्ती दोन्ही उच्चार जाणते आणि कोणता मानाचा आहे हेही जाणते. मात्र न वाचता येणाऱ्या व्यक्तीसाठी लिखित यादी निरुपयोगी ठरते. अशा वेळी सर्वांसाठी चित्रेच वापरावीत, म्हणजे तुलना सारखी राहील.

तिसरी अडचण कानाची. ‘ळ’ उच्चारताना जिभेचा शेंडा मागे वळून टाळूला क्षणमात्र लागतो. घाईच्या बोलण्यात हा स्पर्श सैल पडतो आणि ‘ळ’ व ‘य’ यांच्या मधला ध्वनी निर्माण होतो. वऱ्हाडी कानाला तो ‘य’ वाटतो, पुणेरी कानाला तो ‘ळ’ वाटू शकतो. म्हणून दोन व्यक्तींनी एकमेकांचे न पाहता तेच मुद्रण ऐकून खुणा कराव्यात आणि मतभेदाच्या जागा बाजूला काढाव्यात. ‘प्रात’सारख्या ध्वनिविश्लेषक संगणकप्रणालीवर या जागा तपासता येतात. ‘य’मध्ये दुसरा स्वरपट्टा वर चढतो, तर मूर्धन्य ‘ळ’जवळ तिसरा स्वरपट्टा खाली झुकतो. मतभेदाच्या जागा फार असतील तर तेही एक निरीक्षणच आहे. दोन रूपांच्या मधली अवस्था तेथे चालू असू शकते.

एकाच आकृतीचे तीन अर्थ :

समजा, एवढी काळजी घेऊनही वृद्धांत ‘य’ अधिक, मध्यमवयीनांत कमी आणि तरुणांत अत्यल्प असे आढळले. या आकृतीचे निदान तीन अर्थ संभवतात.

पहिला अर्थ पिढीबदलाचा. प्रत्येक पिढी आपल्या बालपणी शिकलेले प्रमाण आयुष्यभर कायम ठेवते आणि पुढची पिढी त्याहून कमी ‘य’ घेऊन वाढते. असे असेल तर आणखी दोन पिढ्यांत वऱ्हाडीतील हा ‘य’ जुन्या ध्वनिमुद्रणांतच राहील.

दुसरा अर्थ वयाच्या टप्प्याचा. शाळा-महाविद्यालयात आणि नोकरीच्या शोधात असताना प्रमाण उच्चारांचा दबाव सर्वाधिक असतो. गावात स्थिरावल्यावर तो ओसरतो आणि माणूस पुन्हा ‘य’कडे वळतो. प्रत्येक पिढी हाच फेरा करीत असेल, तर समाजाची बोली बदलतच नाही. शार्मे येथील जो ध्वनी पुढे सरकला नाही त्याचे असेच काही झाले.

तिसरा अर्थ आयुष्यभरच्या बदलाचा. मोठेपणीही काही माणसे समाजात पुढे सरकणाऱ्या रूपाकडे झुकतात. माँट्रियलमधील फ्रेंच ‘र’च्या उच्चारावर जिलियन सँकॉफ आणि एलेन ब्लाँदो यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९७१ आणि १९८४ अशा दोन वेळी त्याच ३२ व्यक्तींना ऐकले. बहुसंख्य व्यक्ती स्थिर राहिल्या, परंतु काहींनी प्रौढपणी नव्या रूपाकडे लक्षणीय वाटचाल केली. याचा अर्थ मूळ गृहीतक बव्हंशी टिकते, पण वृद्धांचे आजचे बोलणे हे त्यांच्या तरुणपणच्या बोलण्याहून थोडे नव्याकडे सरकलेले असू शकते. मग आभासी काल बदलाचा वेग प्रत्यक्षाहून कमी दाखवतो. वाशीममधील वृद्ध आज शेकडा ऐंशी ‘य’ उच्चारत असतील, तर तरुणपणी ते त्याहून अधिक उच्चारत असण्याची शक्यता यामुळे नाकारता येत नाही.

या तिन्हींत निवड कशी करावी? काही खुणा मदत करतात. पहिली खूण मध्यम वयोगटाची. वयाच्या टप्प्याचा परिणाम असेल तर नोकरी-व्यवसायाच्या ऐन भरातील लोकांत ‘ळ’ सर्वाधिक आणि दोन्ही टोकांना, म्हणजे शाळेपूर्वीच्या मुलांत व निवृत्तांत, ‘य’ अधिक अशी आकृती दिसते. पिढीबदल असेल तर उतार एकाच दिशेने जातो. म्हणून शाळेत न गेलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलांचे घरातील बोलणे फार मोलाचे आहे. त्या वयाचे मूल ‘डोया’ म्हणत असेल, तर ‘य’ घरातून अजून पुढे दिला जात आहे. मूल घरातच ‘डोळा’ शिकत असेल, तर आईबापांनी तो देणे थांबवले आहे.

दुसरी खूण अतिशुद्धीची. येथे ‘पाय’, ‘गाय’ हे शब्द कामी येतात. ज्याच्या बोलीत ‘ळ’ व ‘य’ एकच झाले आहेत, तो प्रमाण बोलण्याच्या प्रयत्नात कोठे ‘ळ’ परत आणावा हे शब्दागणिक शिकतो. त्यामुळे मूळच्या ‘य’च्या जागीही चुकून ‘ळ’ घालण्याचा संभव असतो. असे अतिशुद्ध उच्चार कोणत्या पिढीत आढळतात ते पाहावे. ते आढळणारी पिढी ‘ळ’ मागाहून शिकलेली असते. ज्या पिढीत एकही अतिशुद्ध उच्चार नाही आणि ‘ळ’ अचूक येतो, ती ‘ळ’ बालपणापासून घेऊन वाढलेली असते.

वास्तविक काळाचा टेकू :

वाशीमसाठी वास्तविक काळाचा पुरावा म्हणून १९०५ च्या खंडाकडे पुन्हा वळावे लागते. त्या सर्वेक्षणात ठिकठिकाणच्या बोलींत उधळ्या पुत्राची बोधकथा सांगवून घेतली होती. कथा एकच असल्याने तिच्यात ‘ळ’च्या जागा टाळता येत नाहीत : सगळे गोळा करून निघालेला मुलगा, पडलेला दुष्काळ, बापाने गळ्याला घातलेली मिठी. असे नमुने शब्दाशब्दाने तपासता येतात.

परंतु हा पुरावा वापरताना एक नियम पाळावा. हे नमुने ध्वनिशास्त्र जाणणाऱ्यांनी कानाने टिपलेले नव्हते. ते बहुतांशी स्थानिक अधिकाऱ्यांमार्फत लिहून आलेले होते. लिहिणारा शिकलेला असे आणि शिकलेल्या हाताला ‘ळ’ लिहिण्याची सवय असे. म्हणून नमुन्यात ‘य’ असेल तर तो बोलीत होता यावर विश्वास ठेवावा. नमुन्यात ‘ळ’ असेल तर मात्र बोलीत ‘य’ नव्हता असे म्हणू नये. अस्तित्वाचा पुरावा पक्का आणि अभावाचा पुरावा कच्चा, असे हे साधन आहे. त्यातून प्रमाण काढता येत नाही.

मराठी भाषेत चलांचा परिमाणात्मक अभ्यास नवा नाही. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यातील भेदांवर १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध सादर केला होता. अलीकडच्या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी बोलींचे सर्वेक्षण केले असून त्यात बोलणाऱ्यांचे ध्वनिमुद्रण झाले आहे. १९०५ च्या नोंदीपेक्षा या साधनाचे स्वरूप मुळातच वेगळे आहे. येथे प्रत्यक्ष आवाज जतन झाला आहे. पुढील अभ्यासकाला हाच आवाज वास्तविक काळाचा पहिला भक्कम टप्पा म्हणून उपयोगी पडेल.

दोन बदल, दोन दिशा :

वरील विवेचनातून वाशीमच्या ‘ळ’चा इतिहास एका रेषेत जात नाही, हे लक्षात येते. एक बदल जुना आहे : ‘ळ’ सुटून ‘य’ आला. तो आजच्या सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या जन्मापूर्वीच घडून गेला होता. म्हणून आभासी काल पद्धतीने त्याची सुरुवात दिसणार नाही. दुसरा बदल, घडत असल्यास, उलट दिशेचा आहे : शाळा, पाठ्यपुस्तक आणि प्रसारमाध्यमे यांतून ‘ळ’ परत येत आहे. आजोबा व नातू यांच्यातील फरक या दुसऱ्या बदलाचा आहे. या दोहोंची गल्लत केल्यास नातवाचा ‘ळ’ हा ‘मूळ, न बिघडलेला’ उच्चार आणि आजोबांचा ‘य’ हा ‘बिघाड’ अशी उलटी समजूत होते. प्रत्यक्षात त्या घरात जुने रूप ‘पोया’ आहे आणि नवे रूप ‘पोळा’ आहे.

याचा परिणाम वर्गात दिसतो. मूल ‘शाया’ म्हणाले की ते चुकले असे मानून दुरुस्त केले जाते. मूल चुकलेले नसते; ते आपल्या घराचा, शंभर वर्षांहून जुना, नियमबद्ध उच्चार करीत असते. लेखनात ‘शाळा’ शिकवणे आवश्यकच आहे. परंतु चूक आणि चल यांतील फरक शिक्षकाला ठाऊक असेल तर दुरुस्तीची रीत बदलते. ‘असे लिहितात’ असे सांगणे आणि ‘तुला बोलता येत नाही’ असे सांगणे, यांचा मुलावर होणारा परिणाम एक नसतो.

निष्कर्ष :

१) वाशीम परिसरातील वऱ्हाडीत ‘ळ’ व ‘य’ हा मोजता येण्याजोगा सामाजिक-भाषिक चल आहे. मात्र ‘दिवाई’ व ‘पोळ्या’ यांसारखी स्थाने वेगळी काढल्याशिवाय त्याची मोजणी विश्वसनीय ठरत नाही.

२) वयोगटांतील फरक हा बदलाचा संकेत आहे, पुरावा नव्हे. शिक्षण, व्यवसाय, गाव व घरभाषा स्थिर ठेवल्यावरही तो टिकला तरच त्याला पिढीबदल म्हणता येईल.

३) शाळेपूर्वीच्या मुलांचे बोलणे, मध्यम वयोगटातील उताराची दिशा आणि अतिशुद्ध उच्चारांची पिढी या तीन खुणांवरून पिढीबदल व वयाच्या टप्प्याचा परिणाम यांत फरक करता येतो.

४) आभासी काल पद्धतीने वाशीमचा सुमारे साठ वर्षांचाच भूतकाळ दिसतो. त्यापलीकडे १९०५ चा सर्वेक्षण-खंड ‘य’चे अस्तित्व सांगतो, प्रमाण सांगत नाही.

५) आज संमतीने केलेले, जन्मवर्ष, जन्मगाव, शिक्षण व घरभाषा यांच्या नोंदीसह जपलेले ध्वनिमुद्रण वीस वर्षांनी त्याच व्यक्तींना व त्याच गावातील नव्या तरुणांना ऐकून पडताळता येईल. त्या दुसऱ्या भेटीत आजचा वीस वर्षांचा तरुण चाळिशीत असेल. तो तेव्हा पोळ्याच्या सणाला काय म्हणतो, यावरून आजच्या आलेखाचा खरा अर्थ ठरेल.